रत्नागिरीतली पॉडकास्ट एडिटिंग सेवा: एका रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

★★ "७२ तासांत एपिसोड देतो म्हणाले, मिळाला सहाव्या दिवशी. पाहुण्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा. महिन्याचे ६,००० घेऊन वर ९०० लावले. कोकणातली मंडळी, घाई कसली!"

नमस्कार सर. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण दिवसांचा हिशेब इथे सगळे वाचतात आणि माझं घर याच कामावर चालतं, म्हणून लिहितो.

७२ तास मोजायला लागतात ते शेवटची फाइल हातात आल्यावर. तुमचा ट्रॅक सोमवारी संध्याकाळी आला. पाहुण्यांचा आला गुरुवारी सकाळी, मी दोनदा आठवण केल्यावर, आणि तोही व्हॉइस मेसेज म्हणून. असा पाठवला की आवाज दाबला जातो, मग तो डब्यातलाच वाटणार. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं पहिल्या दिवशीच कळवलं होतं. एडिट केलेला एपिसोड तुम्हाला शनिवारी रात्री मिळाला. गुरुवार ते शनिवार किती तास होतात, ते तुम्हीच मोजा.

त्यात दोघांचं रेकॉर्डिंग वेगवेगळ्या फोनवर. दोन फोनची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. सुरुवातीची टाळी जुळवून घेतली, तरी दीड तासाच्या शेवटी जवळपास अर्ध्या सेकंदाचा फरक पडला होता. तुमचा विनोद पुरा व्हायच्या आत पाहुणे हसत होते! मग दर काही मिनिटांनी, जिथे कोणी बोलत नाही अशी जागा शोधून, ट्रॅक कापून थोडा थोडा सरकवत न्यावा लागतो. हे सगळं "अं", "म्हणजे" काढण्याआधीचं, पंख्याची घरघर कमी करण्याआधीचं आणि दोघांचे आवाज एका पातळीवर आणण्याआधीचं काम. बरं, पाहुण्यांचा फोन शर्टाच्या खिशात होता. कापड घासल्याचा आवाज शब्दावरच आला तर तो काढताना शब्दही खरवडला जातो, म्हणून काही ठिकाणी तसाच ठेवला.

९०० रुपयांचं म्हणाल तर पॅकेजमध्ये महिन्याला चार एपिसोड, प्रत्येकी ६० मिनिटांपर्यंत कच्चं रेकॉर्डिंग. तुमचं ९० मिनिटांचं होतं. वरच्या मिनिटाला ३० रुपये, हे तुम्ही "ओके" केलेल्या मेसेजमध्ये आहे. ऐकायला ४० मिनिटांचा एपिसोड झाला हे खरं, पण कापायला मला नव्वदच्या नव्वद मिनिटं ऐकावीच लागतात, काही जागा तर तीनतीनदा.

कोकणातल्या मंडळींबद्दल जे लिहिलंत ते लागलं. इथे पावसात लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतलाय, तो तुमच्यासारख्यांची डेडलाइन चुकू नये म्हणूनच ना?

असो. पॅकेजच्या मेसेजमध्ये वेळेबद्दल आणखी स्पष्ट लिहू, बाकी काय सुधारता येईल तेही बघतो. तुमचे दोन एपिसोड अजून बाकी आहेत. मंगळवारी सकाळी दोन्ही ट्रॅक एकत्र पाठवलेत तर शुक्रवारी सकाळपर्यंत देतो. फक्त पाहुण्यांना फोन टेबलावर ठेवायला सांगा.