‘गुण’ आणि ‘खूण’

‘“गुण” म्हणताना गु लांबतोच, मग लिहायचा ऱ्हस्व का?’

कारण तत्सम शब्दात आपण संस्कृतातलं लेखन ठेवतो, उच्चार मात्र मराठी वळणाचा होतो. शेवटचा ‘अ’ गळतो आणि आधीचा इ-उ लांबतो, म्हणून ‘गुण’ कानाला ‘खूण’सारखाच लागतो. प्रत्यय लावा: गुणाला, खुणेला. आता दोन्हीकडे आखूड. मराठी ‘खूण’ लेखनातही बदलते; तत्सम ‘गुण’ तसाच राहतो. ‘शरीर’चं उलट आहे. ‘शरीराला’मध्ये री बोलताना आखडते, तरी लिहायची दीर्घच. त्यामुळे नुसत्या कानावर विसंबलात तर ‘गूण’ आणि ‘शरिराला’ या चुका ठरलेल्या. अपवाद शेवटच्या अक्षराचा: ‘कवि’चं ‘कवी’ केलं ते उच्चाराला धरूनच, समासात मात्र ‘कविराज’.