‘दुकानात कधी बसलात का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «अध्यक्षांचं भाषण छापून टाळ्या वाजवणं सोपं आहे साहेब. डुप्लिकेट बंडल आणि असली बंडल समोरासमोर ठेवलं तरी छोट्या दुकानदाराला फरक कळत नाही, मग ‘परत पाठवा’ म्हणजे काय करायचं? कंपन्याच डीलरला टार्गेट देऊन माल बाहेर सोडायला लावतात. आगाऊ दिलेले पैसे कोण परत करणार? दुकानात कधी बसलात का तुम्ही? ही सगळी कंपन्यांची वकिली आहे.»

नमस्कार. वायर विक्रेत्यांच्या आपल्या संघटनेच्या अध्यक्षांचं भाषण मी छापलं होतं. नकली वायरची शंका आली तर माल उतरवून घेऊ नका, परत पाठवा, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं, आणि त्यावर तुमची ही प्रतिक्रिया आली. आधी शेवटच्या दोन वाक्यांचं बघू, कारण माझी झोप त्यांनीच उडवली. मुद्दा मांडायला माणसाला ‘साहेब’ म्हणून टोमणा मारावा लागत नाही, आणि समोरच्याला वकील ठरवलं की आपला मुद्दा आपोआप सिद्ध होत नाही. दुकानात बसण्याचं विचाराल तर पुण्यात तपकीर गल्लीत मामांच्या दुकानात मी कॉलेजच्या सुट्ट्या काढल्या आहेत. दीडची, अडीचची, चारची बंडलं माळ्यावरून खाली फेकायची आणि मामा ती झेलायचे. पुढे त्याच दुकानाचे हिशेबही मी बघितले. वायरच्या धंद्यात पैसा कुठे मुरतो, हे मला कुणा कंपनीने शिकवलेलं नाही. एवढं सांगून झालं. आता तुम्ही वर निव्वळ राग ठेवून खाली जी ओळ दडवली आहे, ती घेतो.

फरक कळत नाही, असं तुम्ही म्हणता. डोळ्यांनी कळत नाही, हे अगदी मान्य. छपाई हुबेहूब होते, पॅकिंगच्या पिशवीचा रंगसुद्धा जुळतो. पण अध्यक्षांनी डोळ्यांनी ओळखा असं म्हटलंच नव्हतं. त्यांचं भाषण जेमतेम चार-पाच मिनिटांचं होतं आणि त्यात सबंध एक मिनिट ते वजनकाट्याबद्दल बोलले. तुम्ही तो भाग वाचला नसावा, किंवा वाचून सोडून दिला असावा.

दीड स्क्वेअर एमएमची, नव्वद मीटरची वायर घ्या. एका मीटरमध्ये दीड घनसेंटिमीटर तांबं असतं आणि तांब्याची घनता आहे ८.९६, म्हणजे मीटरला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. नव्वद मीटरचे झाले १ किलो २०० ग्रॅम. वरचं पीव्हीसी धरलं की सबंध बंडल दोन किलोच्या जरा खाली येतं. आता हेच बंडल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचं असेल तर त्या धातूची घनता साधारण साडेतीन, म्हणजे आतला धातू अर्धा किलोच्या आत. सातशे ग्रॅम कुठे गेले, हे दुकानातल्या साध्या काट्यावर दिसतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, आणि तुमच्या दुकानात काटा नसेल तर बाजूच्या किराणावाल्याकडे असतो.

आता तुम्ही म्हणाल, लबाड माणूस वजन भरून काढेल. काढतोच. पीव्हीसी जाड करतो, त्यात खडूची भुकटी जास्त घालतो, आणि बंडल हातात जड लागतं. म्हणून दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. बंडलाची दोन टोकं सोलून रोध मोजा. लवचिक तांब्याच्या दीडच्या वायरला किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम चालतात, म्हणजे नव्वद मीटरला १.२ ओहम. मुलाम्याच्या वायरचा आकडा दीडच्या वर जातो. मात्र मीटरच्या दोन दांड्या आधी एकमेकींना लावून त्यांचा आकडा वजा करा, नाहीतर स्वस्तातल्या मीटरच्या तारांचेच दोन-तीन दशांश ओहम त्यात मिसळतात आणि चांगला माल उगाच बदनाम होतो.

यातही एक खोच आहे, आणि भाषणातली मला आवडलेली गोष्ट तीच होती. समजा मुलाम्याची वायर नव्वदऐवजी पासष्ट मीटर भरली. लांबी कमी म्हणून रोधही कमी येतो, मीटर १.२च दाखवतो आणि बंडल पास होतं. पण काट्यावर ते किलोच्या आसपासच भरतं. उलट जाड पीव्हीसीवालं बंडल काट्यावर पास होतं आणि मीटरवर आपटतं. दोन्ही परीक्षा एकदम चुकवायच्या तर चोराला एक तर लांबी कापून पीव्हीसी डोळ्यांत भरेल इतकं जाड करावं लागेल, नाहीतर खरं तांबं पूर्ण लांबीचं घालावं लागेल, आणि मग त्याला फायदा कसला? ब्लेडने एक तार खरवडली आणि आत पांढरं दिसलं, तर पुढचं काही मोजायची गरजच उरत नाही.

फायदा कसला, असं मी म्हटलं खरं, पण एक प्रकार उरतो. खरं तांबं, पण थोडं बारीक, आणि नाव मोठ्या ब्रँडचं. हा काट्यावर जवळपास पास होतो, कारण खुद्द नियमच रोधाचा आहे, वजनाचा नाही. असली कंपनीसुद्धा त्या मर्यादेत राहून तांबं थोडं हलकं घालू शकते. म्हणून माझ्या १ किलो २०० ग्रॅमच्या आकड्यापेक्षा, खात्रीच्या डीलरकडून आलेलं त्याच ब्रँडचं, त्याच मापाचं एक बंडल काट्याशेजारी ठेवणं चांगलं. या जातीच्या मालाला छपाईतून पकडता येतं, तेही थोडंच. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही, ते दिसतं. पण असली बंडलावरचा नंबर नकलीवर छापायला किती वेळ लागतो? ॲप हिरवं दाखवेल. नंबर जुळला नाही तर माल नक्की खोटा. जुळला तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. ज्या ब्रँडच्या प्रत्येक बंडलाला वेगळा क्यूआर असतो, तिथे अध्यक्षांनी साधी युक्ती सांगितली: एकाच पेटीतली दोन बंडलं स्कॅन करा. नकली मालावर बहुतेकदा एकच कोड शंभर ठिकाणी छापलेला असतो, आणि दोघांचा क्रमांक एक आला की चर्चा संपली.

राहिला भाव. समजा तांबं आज नऊशे रुपये किलो आहे. १ किलो २०० ग्रॅमचे झाले एक हजार ऐंशी रुपये, अजून पीव्हीसी नाही, मजुरी नाही, वाहतूक नाही, अठरा टक्के जीएसटी नाही. टेम्पोवाला तेच बंडल बिनबिलाचं हजाराला देतो म्हणतो. ही स्कीम नाही आणि वर्षअखेरचं टार्गेटही नाही. कुठलाही डीलर तांब्याच्या आतल्या भावात माल सोडत नाही, टार्गेट कितीही डोक्यावर असलं तरी. दहा-बारा टक्क्यांनी पडलेला भाव टार्गेटचा असू शकतो. तांब्याच्याही खाली गेलेल्या भावाला टार्गेट हे कारण पुरत नाही. हे तुम्हाला दुकानात बसून कळलं नसेल, तर मला तसं विचारण्यात अर्थ नव्हता.

टार्गेटचा मुद्दा मात्र मी तुम्हाला देऊन टाकतो. कंपन्या गळ्याशी आणतात, डीलर दुसऱ्या जिल्ह्यात माल सोडतो, आणि मग त्याच कंपनीचा माणूस येऊन दमदाटी करतो. पण तो माल असली असतो. असली माल बिलावर घेऊन विकणं हा ट्रेडमार्कचा गुन्हा नाही. फार तर त्या डीलरची डीलरशिप जाईल. अध्यक्ष त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही दोन वेगळी दुखणी एका वाक्यात बांधलीत आणि औषध मला विचारलंत.

आता ‘परत पाठवा म्हणजे काय’. यातला ‘उतरवून घेऊ नका’ हा भाग तुम्ही चक्क गाळलात, आणि सगळं वजन त्यातच आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०४. खोटं चिन्ह असलेला माल विकला तरच गुन्हा असं त्यात नाही. विक्रीसाठी ताब्यात ठेवला तरी पुरतं. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. दुकानदाराला सुटकेची एक वाट अशी ठेवली आहे: मी सगळी वाजवी काळजी घेतली होती आणि माल खोटा असल्याची शंका यायचं कारण नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर, पोलिसांवर नाही. आता शंका आली, तरी माल माळ्यावर चढवला, ‘बघू नंतर’ म्हणून, तर ‘शंका नव्हती’ हे कुठल्या तोंडाने सांगणार? माल गाडीतच असताना शंका आली आणि गाडी वळवली, तर ताबाच तुमचा नाही. भाषणातलं ते वाक्य उपदेशाचं नव्हतं, हिशेबाचं होतं.

त्यासाठी कागद हवा, हे त्यांनी शेवटी घाईघाईत सांगितलं, मी सावकाश लिहितो. चलनावरच ‘संशयास्पद, न उतरवता परत’ असं लिहून तारीख, वेळ आणि ड्रायव्हरची सही. बंडलांचे आणि क्यूआरचे फोटो मोबाईलमध्ये. बिल आलं असेल तर जीएसटी पोर्टलवर ते नाकारा. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवरच्या आयएमएस या भागात बिल स्वीकारायची किंवा नाकारायची ही सोय आहे आणि नाकारलेल्या बिलाचं क्रेडिट तुमच्या नावावर चढत नाही. बाजारात नावं घेऊन बोंबलू नका, तुमच्यावरच बदनामीचा दावा लागेल. फोटो आणि चलनाची प्रत संघटनेकडे द्या, म्हणजे तोच टेम्पो पुढच्या गल्लीत गेला तर तिथे आधी फोन गेलेला असेल.

आणि आगाऊ पैसे. बिनओळखीच्या माणसाला आधी पैसे देऊन मग माल बघायचा हा व्यवहार कुणी सांगितला होता? ओळखीच्याला दिले असतील तर तो आपण होऊन परत देतो किंवा दुसरा माल देतो. मामांचा अनुभव हाच होता. देत नसेल तर तो ओळखीचा नव्हता. तुम्हाला हे उत्तर रुक्ष वाटेल, तरी यापलीकडे मी काय सांगू? पैसे परत मिळवून द्यायला संघटना आहे, मी नाही.

पुढच्या सभेत अध्यक्षांना उभं राहून हेच विचारा. माझ्याकडे लिहिलंत त्याच आवाजात नको. तिथे तुमच्या शेजारच्या दुकानाचे लोक बसलेले असतील. आणि जमलं तर एक संशयाचं बंडल बरोबर घेऊन या, काटा मी आणतो.