मध्येच लाईट गेली तर?

आज दिवसभर फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतले आणि डोकं तापलंय. अकरा पोरं-पोरी, सगळे इलेक्ट्रॉनिक्सचे. सात जणांकडं लाईन फॉलोअर नाहीतर मोबाईलवरून बल्ब लावणं. तोच कोड, वायरींचे रंगसुद्धा तेच. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: "हे चालू असताना मध्येच लाईट गेली तर?" गप्प. कोल्हापूर जिल्ह्यात राहून!

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी शेतीपंपाचा तास मोजणारा मीटर केला होता. दर मिनिटाला आकडा फ्लॅशमध्ये जायचा: आधी पान पुसायचं, मग त्याच जागी नवा आकडा लिहायचा. टेबलावर महिनाभर मस्त चालला. मग नदीकाठचे एक काका मीटर घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, "पोरा, पाच महिने पंप चालवलाय, आणि ह्यो शून्य दाखवतोय."

चूक शोधायला मला तीन आठवडे लागले. पान पुसायला साधारण २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वीज गेली तर जुना आकडा पुसलेला आणि नवा लिहिलेला नाही. मिनिटातले ४० मिलिसेकंद म्हणजे दीड हजारात एक शक्यता. टेबलावर ती कधी दिसणार? पण शेतात ६० मीटर आणि प्रत्येकी दिवसाला तीन वेळा लाईट जाणार, म्हणजे रोज १८० कट. आठवड्या-सव्वा आठवड्याला एक काका ठरलेलेच.

म्हणून सांगतो, पोर्टफोलिओत दहा खेळणी नकोत. हा एकच मीटर करा, पण लाईट गेली तरी आकडा न हरवणारा. दोन-तीनशे रुपयांचा STM32F103 चा बोर्ड पुरतो. फ्लॅशची दोन पानं घ्या, १ किलोबाइटचं एकेक. नोंद एवढीच:

```c
typedef struct {
  uint32_t seq;
  uint32_t minutes;
  uint32_t reset_cause;
  uint32_t crc;
} record_t;
```

१६ बाइट, म्हणजे एका पानात ६४ नोंदी. प्रत्येक नवी नोंद पुढच्या रिकाम्या जागी. पान भरलं की दुसऱ्या पानावर जायचं, आणि तिथली पहिली नोंद पक्की झाल्यावरच जुनं पान पुसायचं. चालू होताना सगळ्या नोंदी वाचून, ज्यांचा CRC जुळतो त्यातला सगळ्यात मोठा `seq` घ्यायचा. अर्धवट लिहिलेली नोंद CRC वर आपोआप गळते, जातं ते एखादं मिनिट. त्या अर्धवट जागेवर परत लिहायला जाऊ नका, ही चिप नकार देते. ती सोडून पुढं सरका.

झिजेचा हिशोबही ह्यातच सुटतो. डेटाशीट एका पानाला १०,००० वेळा पुसण्याची हमी देतं. माझ्या जुन्या पद्धतीनं पंप अखंड चालला असता तर ती आठवड्यात संपली असती. दोन पानांत तीच हमी सव्वादोन वर्षांच्या पुढं जाते. `reset_cause` मध्ये `RCC->CSR` वाचून ठेवा आणि मग `RMVF` नं झेंडे पुसा. मीटर लाईट गेल्यामुळं बंद पडला की प्रोग्राम अडकून वॉचडॉगनं उठवला, हे त्यातून कळतं. मला त्या वेळी हे कळायला काही मार्गच नव्हता.

मान्य आहे, सुरुवातीला बल्ब लावूनच शिकतात. मीही तेच केलं. पण नोकरी मागताना तोच बल्ब?

आणि खरी कमाई पुढं आहे. तुमचा तो जुना अर्डुइनो काढा, त्याला रिले लावा आणि मीटरची वीज मनमानी वेळी तोडायला लावा. चाचणीपुरतं मिनिटाऐवजी दर ५० मिलिसेकंदाला लिहा, म्हणजे काही कट तरी बरोबर लिहिताना सापडतील. दहा सेकंदाला एक कट धरला तर हजार कट पावणेतीन तासांत होतात. प्रत्येक वेळी आकडा सिरियलवर छापा. तो मागं गेला की चूक सापडली. एक सांभाळा: सिरियल अॅडॉप्टरची TX वायर बोर्डाला जोडू नका. त्या वायरीतून बोर्डाला चोरून वीज मिळू शकते, मग बोर्ड नीट बंदच होत नाही आणि चाचणी खोटी पास होते. बोर्डाची TX आणि ग्राउंड, एवढंच जोडा.

हजार कटांचा लॉग आणि त्यात सापडलेली एक चूक कशी काढली, हे ज्याच्याकडं आहे त्याचे मार्क मी बघणार नाही.

शेवटचा पोरगा गडहिंग्लजकडचा होता. प्रश्न ऐकून तोही आधी गप्पच बसला. मग हळूच म्हणाला, "सर, आमच्या मोटरीची लाईट तर रोज जाती. पण प्रोजेक्टमध्ये ते घ्यायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही." माझा राग तिथंच उतरला. त्याला काकांच्या मीटरची सगळी गोष्ट सांगितली, कागदावर दोन पानं काढून दाखवली. रविवारी सकाळी बोर्ड घेऊन ये म्हटलंय. रिले माझ्याकडं पडलेत.