‘एव्हरीमन’ला नुसतं प्रवचन म्हणणाऱ्यांसाठी

“मोरॅलिटी प्ले म्हणजे चर्चचं प्रवचन, नाट्य शून्य. पात्रं म्हणजे नुसत्या पाट्या. ‘एव्हरीमन’चा सारांश एका ओळीत: मरताना सगळे सोडून जातात, सत्कर्म तेवढं सोबत येतं. परीक्षेत एवढंच लिहा.”

हा मेसेज माझ्या भाचीच्या एम.ए.च्या ग्रुपवर फिरतोय आणि ती तो पाठ करत बसली होती, म्हणून लिहितेय. ‘एव्हरीमन’ हे जुनं इंग्रजी मोरॅलिटी प्ले, म्हणजे गुण, नाती, संपत्ती यांनाच पात्रं करून धर्मनीती शिकवणारं नाटक. त्यात मृत्यू एव्हरीमनला, म्हणजे कुठल्याही माणसाला, देवापुढे हिशेब द्यायला बोलावतो आणि तो या शेवटच्या प्रवासासाठी सोबती शोधत फिरतो.

सगळ्यात घातक आहे तो एका ओळीचा सारांश. नाटक उघडून पाहा. एव्हरीमन सत्कर्माला हाक मारतो तेव्हा ते जमिनीवर गारठून पडलंय. त्याच्याच पापांनी ते असं जखडलंय की उठताच येत नाही. सोबत कुठली येणार! मग ज्ञान त्याला पापकबुलीकडे नेतं, तो पश्चात्ताप करतो, स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, आणि त्यानंतरच सत्कर्म उठून चालू लागतं. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या कॅथलिक शिकवणुकीचा गाभा इथे आहे: पापात बुडालेल्या माणसाची पुण्याई त्याला तारत नाही, कबुली आणि प्रायश्चित्त यांनीच तिच्यात बळ येतं. सारांशातून नेमकं हेच गळलंय.

आणि हेच नाटकाचं तंत्रही आहे. थोडं आधी संपत्तीही अशीच पडून असते. ती पेट्यांत कुलूपबंद आहे, थैल्यांत कोंबलेली आहे, तिला हलता येत नाही. न हलणारी दोन पात्रं प्रेक्षकाला पाठोपाठ दिसतात आणि त्यातलं एकच पुढे उठतं. शिकवण इथे शब्दांआधी शरीरातून पोचते.

सोडून जाणंही एकदाच होत नाही. आधी मित्र, नातलग आणि संपत्ती जातात. मग सौंदर्य, बळ, विवेक आणि पंचेंद्रियं येतात. एव्हरीमनला आधार सापडतो, आपल्यालाही हायसं वाटतं. पण थडगं दिसताच आधी सौंदर्य पळतं, मग बळ, मग विवेक, शेवटी पंचेंद्रियं. शरीर ज्या क्रमाने साथ सोडतं, तोच हा क्रम. ज्ञान काठापर्यंत थांबतं, आत फक्त सत्कर्म उतरतं.

पाट्या म्हणाल, तर मित्र एखाद्याचा खून करायलाही मदत देऊ करतो, या प्रवासाला मात्र नकार देतो. चुलतभाऊ पायाच्या बोटात गोळा आल्याचं सांगतो. अशी सबब पाटी देत नाही.

चर्चचा प्रचार? सुरुवातीचा निरोप्या आणि शेवटचा पंडित सरळ उपदेश करतात, हे मान्य करावंच लागेल. पंचेंद्रियं धर्मगुरूंची थोरवी गातात, तेही खरं. पण लगेच ज्ञान धर्मविधी विकणाऱ्या आणि बायकांच्या नादी लागलेल्या पाद्र्यांवर तुटून पडतं. ती जागा मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलीच नाही.

आणि नाट्य शून्य असतं, तर 1901 साली दिग्दर्शक विल्यम पोएलने लंडनच्या चार्टरहाउसमध्ये ते पुन्हा उभं केल्यावर इंग्लंड-अमेरिकेत त्याचे दौरे झाले नसते.