पंधरा दिवसांनी आणि पंधरा दिवसांत

आमच्या सोलापूरच्या कारखान्यातून लातूरच्या एका दुकानदाराला ४०० टॉवेल जायचे होते, लग्नसराईच्या आहेरासाठी. जानेवारीच्या ५ तारखेला मी त्याला पाठवायचा मेसेज असा लिहिला होता: "पंधरा दिवसांनी २५० नग देतो. उरलेले १५० गड्डा यात्रा संपल्यावर बघतो. भाव ७५ रुपये. ॲडव्हान्स ७,५०० मिळाले. बाकी २२,५०० माल मिळाल्यावर द्या. गाडीभाडं तुमचं." झालं असतं, पण नेमके खालच्या मजल्यावरचे सर चहाला आले.

सर म्हणजे निवृत्त मराठीचे शिक्षक. चहात बिस्किट बुडवता बुडवता त्यांनी माझा मोबाईल ओढून घेतला आणि चेहरा असा केला, जणू बिस्किट कपात पडलं.

"बघतो? व्यापारी माणूस 'बघतो' लिहितो होय ओ?"

"सर, ते कामगार यात्रेला गेले तर..."

"आणि 'द्या'! भीक मागतोयस का? थांब."

मग पाऊण तास ते थांबले नाहीत. मध्येच त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची आठवण झाली, मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची, जो म्हणे आता मोठा अधिकारी आहे आणि अजून 'परिस्थिती' चुकीचं लिहितो. शेंगाचटणीचा एक चमचा घेऊन त्यांनी सुधारलेला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला: "आपली ४०० टॉवेलांची मागणी पंधरा दिवसांत पूर्ण करण्यास आम्ही वचनबद्ध आहोत. दर ७५ रुपये. आपले ७,५०० रुपये साभार पोचले. उर्वरित २२,५०० रुपये माल पसंत पडल्यानंतर द्यावेत, ही नम्र विनंती."

"गाडीभाडं, सर?"

"पहिल्याच पत्रात पैशाचं क्षुल्लक काय लिहितोस? संबंध बघ."

मला लाज वाटली. आता वाटते ती वेगळी. पाठवण्याआधी मी तपासलं नाही असं नाही बरं का. आकडे मोजले. ४०० बरोबर, ७५ बरोबर, ७,५००, २२,५००, पंधरा. एकही आकडा हलला नव्हता, म्हणून मेसेज पाठवून मोकळा झालो.

हलले होते ते आकड्यांच्या शेजारचे शब्द. 'दिवसांनी'चं 'दिवसांत' झालं होतं. मी म्हटलं होतं पंधरा दिवस होऊ द्या, मग देतो. सरांनी लिहिलं, पंधरा दिवसांच्या आतच. २५० आणि १५० मिळून ४०० होतातच, पण त्या बेरजेत माझं 'बघतो' गडप झालं. 'मिळाल्यावर'चं 'पसंत पडल्यानंतर' झालं, म्हणजे माझे २२,५०० आता दुकानदाराच्या मर्जीवर.

गड्डा यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, कामगार नंदीध्वजांच्या मागं जातात. त्या दिवसांत कारखान्यात मी आणि एक मांजर असतो. २० तारखेला लातूरहून माझ्याच मेसेजचा फोटो आला, 'वचनबद्ध'खाली लाल रेघ मारून. मग १५० टॉवेल बाहेरून विणून घेतले, गाडीभाड्याचे १,१०० रुपये खिशातून गेले आणि बाकी पैशांना उत्तर आलं, "रंग जरा पसंत नाही, बघतो." 'बघतो' माझं होतं, वापरतोय तो!

आता कुणी मेसेज सुधारून दिला की मी जुनं बिल उलटं करतो. डावीकडं माझं खरडलेलं, उजवीकडं सुधारलेलं. आकड्याला गोल करतोच, पण त्याच्या मागच्या-पुढच्या शब्दालाही करतो: पासून, पर्यंत, नंतर, साधारण, जर, तर. क्रियापदाखाली रेघ, 'प्रयत्न करतो'चं 'करू' झालं की तिथंच थांबतो. मग उलट्या बाजूनं येतो. उजवीकडच्या प्रत्येक कबुलीला विचारतो, तू डावीकडं कुठं होतीस? 'पसंत' डावीकडं नव्हतीच. आणि डावीकडचं जे उजवीकडं सापडत नाही, ते गाडीभाडं.

तरी स्वतःचं लिहिलेलं आपणच वाचलं की डोळा मनातलंच वाचतो. म्हणून बायकोला फक्त सुधारलेलं वाचायला देतो आणि विचारतो, "यात आपण काय काय कबूल केलंय? मोज." मागच्या आठवड्यात ती म्हणाली, चार. माझ्या मनात तीनच होत्या. चौथी शोधली, तर '८ तारखेपासून माल मिळेल'चं '८ तारखेपर्यंत' झालेलं. मेसेज माझा, सुधारणा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याची. भाषा मात्र झकास.

सरांना हे काही सांगितलं नाही. जिन्यात भेटले की अजून विचारतात, "काय, लातूरकर खूश का?" मी म्हणतो, "फार." काल म्हणाले, "त्यातला एखादा टॉवेल राखून ठेव की माझ्यासाठी."

"बघतो, सर."

"म्हणजे देतोस ना नक्की?"


"बघतो."