माफी दोनदा, शून्य एकदाही नाही

आमच्या इंटरनेटवाल्या कंपनीने माझी माफी मागितली. दोनदा. मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी पहिला मेसेज आला: "प्रिय ग्राहक ००४२१७, माहितीतील त्रुटीमुळे काही ग्राहकांना दुबार बिले गेली, त्याबद्दल क्षमस्व." दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरा आला. मजकूर तोच, फक्त प्रिय ग्राहक ४२१७. दुबार बिलांची माफीही दुबार! बायको म्हणाली, "एक परत कर."

झालं होतं ते असं. महिन्याचं बिल ६९९ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १२५ रुपये ८२ पैसे, म्हणजे ८२४ रुपये ८२ पैसे. ते माझ्या खात्यातून आपोआप कापलं जातं आणि तसं कापलंही गेलं. चार दिवसांनी तेवढ्याच रकमेचं दुसरं बिल आलं. मला वाटलं, झेरॉक्स असेल. इथेच फसलो. एकाच बिलाची दुसरी प्रत असेल तर बिल क्रमांक तोच असतो. माझ्याकडे पत्ता तोच, महिना तोच, पण बिल क्रमांक वेगळा होता. म्हणजे कंपनीच्या वहीत ते अस्सल, ताजं, न भरलेलं बिल होतं. मी दुर्लक्ष केलं, त्यांनी पन्नास रुपये विलंब शुल्क लावलं, आणि एका संध्याकाळी नेट बंद. मुलाचा ऑनलाइन क्लास, बायकोची मालिका आणि माझी घरातली पत, तिन्ही एकदम गेली.

म्हणून कॉलेज रोडवरचं त्यांचं ऑफिस गाठलं. आत एक काउंटर, एक मुलगी आणि एक टोकन मशीन होतं. मशीनला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: टोकन मशीन बंद आहे, कृपया टोकन घ्यावे.

माझ्या पुढे एक काका होते. पांढरा सफारी, काखेत प्लॅस्टिकची फाइल, चेहऱ्यावर निवृत्तीनंतरचा उत्साह.

"ताई, तुम्ही माझी माफी मागितलीत."

"हो काका. दुबार बिलाबद्दल."

"पण मला दुबार आलंच नाही."

"मग चांगलंच आहे ना काका."

"चांगलं कसं? माझी तीन कनेक्शनं आहेत. गंगापूर रोडला माझं, सिडकोत मुलीचं, पंचवटीत साडूचं. तीन बिलं यायची. या वेळी एकच आलं. मला दोन कमी आली आणि तुम्ही जास्त आल्याची माफी मागताय."

मुलीने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काका, तिन्हीकडे मोबाईल नंबर तुमचाच दिलाय का?"

"मग कोणाचा देणार? साडूला ओटीपी आला की तो घाबरून फोन बंद करतो."

"म्हणूनच. दुबार खाती शोधताना आधी मोबाईल नंबर जुळवून एकत्र केली होती. त्यात तुमची तिन्ही एक झाली."

"म्हणजे मी आणि साडू एक?"

"सिस्टीममध्ये, हो."

काका मागे वळले आणि आमच्या रांगेला उद्देशून म्हणाले, "बत्तीस वर्षांत आमच्या सासऱ्यांना जमलं नाही ते यांनी एका रात्रीत केलं." मग परत काउंटरकडे: "ताई, त्याचं नेट बंद पडलंय. तो म्हणतो मीच मुद्दाम तोडलं. काल बायकोच्या बहिणीचा फोन, आज बायको बोलत नाही. हे मला लेखी द्या. एका कागदावर, सही-शिक्क्यानिशी: यात यांचा हात नाही."

"काका, शिक्का मॅनेजरसाहेबांकडे असतो."

"बोलवा."

"ते जेवायला गेलेत." सव्वाअकरा वाजले होते.

काका शांतपणे बाकावर बसले, फाइल मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "तुम्हाला दोन आली ना? नशीबवान आहात. माणूस वाढला की बरं, आटला की फार त्रास." एवढं बोलून त्यांनी डब्यातला चिवडा काढला आणि अख्ख्या रांगेत फिरवला. मीही घेतला. बरा होता.

माझा नंबर आला तेव्हा आतून चष्मा लावलेला एक मुलगा बाहेर आला. पूर्ण ऑफिसात खरं बोलणारा तेवढाच. कंपनीने जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सोडून नवं घेतलं. ग्राहकांची यादी जुन्यातून सीएसव्ही फाइलमध्ये काढली आणि पाठवण्याआधी कोणीतरी ती "जरा बघू" म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. एक्सेलला ००४२१७ हा माणूस वाटत नाही, आकडा वाटतो. आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ती दोन शून्यं त्याने गिळली. जुनी खाती नव्यात आधीच चढली होती. ही फाइल पत्ते ताजे करायला होती. सॉफ्टवेअरने ४२१७ शोधला, सापडला नाही, म्हणून नवा ग्राहक उघडला. महिनाअखेरीला दोघांनाही बिल.

"मग सगळ्यांनाच का नाही आलं?"

"ज्यांचा नंबर शून्याने सुरू होतो त्यांनाच. म्हणजे आमचे सगळ्यात जुने ग्राहक."

हे ऐकून मला जे वाटलं ते छापण्यासारखं नाही. नाशिककरांचा एसटीडी कोड ०२५३. एक्सेलसमोर आपलं अख्खं शहर २५३ होतं. आणि तो कॉलम आकडा नसून मजकूर आहे एवढं उघडतानाच सांगितलं असतं, तर सगळी शून्यं जागेवर राहिली असती.

मोबाईल नंबरावरून काकांचा घोळ झाल्यावर त्यांनी दुसरी खूण धरली: मोडेमच्या पाठीवरचा सिरीयल नंबर. एक मोडेम दोन घरांत असूच शकत नाही. दोन खात्यांवर तोच मोडेम दिसला, आणि एका क्रमांकापुढे शून्यं भरून सहा आकडे केल्यावर तो दुसऱ्याशी जुळला, तरच ती खाती एक. नेट बंद का पडलं तेही इथे उलगडलं. थकबाकी ४२१७ची होती, पण दोघांचा मोडेम एकच.

"मग दुसरं बिल पुसून टाका."

"पुसता येत नाही सर. जीएसटीत बिलांचे क्रमांक ओळीने असावे लागतात. त्यातलं एक गायब करता येत नाही. त्यासमोर क्रेडिट नोट काढतो."

क्रेडिट नोट निघाली, ८२४ रुपये ८२ पैशांची. मी एकदम हलका झालो. घरी आलो, नेट सुरू होतं, बायको बोलत होती.

आज मेसेज आला. प्रिय ग्राहक ४२१७, आपल्याकडे ५९ रुपये बाकी आहेत. विलंब शुल्क पन्नास आणि त्यावरचा जीएसटी नऊ. क्रेडिट नोट फक्त बिलाची होती, शुल्काची वेगळी काढावी लागते, आणि बंद खात्यावर ती निघत नाही. खातं उघडायचं तर आधी बाकी भरावी लागते.

उद्या परत जातोय. काका तिथेच असतील, शिक्का अजून मिळाला नसणार. या वेळी चिवडा मी नेतोय.