डोहाळजेवणाच्या फोटोंच्या दोन दरपत्रकांबद्दल

★☆☆☆☆
"डोहाळजेवणाच्या शूटचे 13,500 दिले, एडिट केलेले फोटो मिळाले 40 आणि एक अल्बम. महिन्याभरापूर्वी माझ्या नणंदेला इथेच 9,500 मध्ये 120 फोटो दिले. विचारलं तर म्हणे आम्ही दोन पत्रकं चालवून बघतोय. तोंड बघून भाव सांगायचा आणि वर त्याला चाचणी म्हणायचं? फोटो चांगले आहेत, पण विश्वास उडाला."

ताई, नमस्कार. आमच्याकडे भाव माणसावरून ठरत नाही. तो कसा ठरला ते इथे सगळ्यांसमोर सांगतो, कारण इतरांनाही हा प्रश्न पडू शकतो.

दोन पत्रकं आम्ही आठवड्याआड बदलत होतो. सोमवार ते रविवार जो कोणी विचारेल, फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा काउंटरवर, त्याला त्या आठवड्याचंच पत्रक. पुढच्या सोमवारी दुसरं. तुमच्या नणंदबाईंनी विचारलं तो आठवडा लिंकच्या पत्रकाचा, म्हणजे 120 फोटो ऑनलाइन लिंकवर देण्याचा होता, तुमचा अल्बमच्या पत्रकाचा. चौकशी घेणाऱ्या मुलीला समोरच्याचं घर, गाडी, आडनाव बघून पत्रक निवडायची मुभाच नव्हती. तशी मुभा दिली असती तर चाचणीलाही अर्थ उरला नसता: ऐपतदार दिसणाऱ्यांना अल्बम दाखवला आणि त्यांनी तो घेतला, यातून काहीच कळत नाही. आधी महिनाभर एक आणि मग महिनाभर दुसरं असंही करता आलं असतं, पण पितृपक्षात चौकश्या थंडावतात आणि नवरात्रात फोन वाजायला लागतो. तो फरक पत्रकाच्या खात्यावर जमा झाला असता. म्हणून आठवड्याआड.

एकच काम एकाला 9,500 ला आणि दुसऱ्याला 13,500 ला, असं आम्ही केलं नाही, करणारही नाही. दोन्हीत तीन तासांचं शूट तेच, फोटोग्राफर तोच. पुढचं काम मात्र वेगळं. 120 फोटोंच्या पत्रकात प्रत्येक फोटोला साधारण चार मिनिटं मिळतात: उजेड, रंग, कडा. अल्बमच्या 40 फोटोंत प्रत्येकाला त्याच्या दुप्पट वेळ जातो. डोहाळजेवणात हिरव्या साडीचा रंग हनुवटीखाली चढतो आणि घरातल्या एलईडीखाली मोगऱ्याचे दागिने निळसर दिसतात. फोनवर ते खपून जातं, 12 बाय 36 इंचांच्या छापील पानावर नाही. त्यात पान जुळवताना मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येणार नाही हेही बघावं लागतं. डिझाइन, छपाई आणि पेटी धरून अल्बमच्या पत्रकात आमचे 6,000 खर्च होतात, लिंकच्या पत्रकात 3,500.

आता यातून काय कळलं ते. वीस चौकश्यांमागे लिंकचं पत्रक आठ जणांनी घेतलं, अल्बमचं सहा जणांनी. नुसती बुकिंग मोजली तर पहिलं जिंकलं. पण खर्च वजा जाता पहिल्यात माणशी 6,000 उरतात, म्हणजे 48,000. दुसऱ्यात 7,500 उरतात, म्हणजे 45,000. जवळपास सारखंच, आणि अल्बमच्या वेळी दोन शूट कमी करावे लागले. शिवाय आठ आणि सहा हा फरक नुसता योगायोगाचाही असू शकतो. शंभरातले चाळीस घेतात की तीस, हे खात्रीनं सांगायला प्रत्येक पत्रकाला साधारण साडेतीनशे चौकश्या लागतात. सांगलीतल्या एका स्टुडिओला तेवढ्या जमवायला वर्षं जातील. त्यामुळे या आकड्यांवरून कुठलंच पत्रक आम्ही विजयी ठरवलं नाही.

दुसरी अडचण अशी, की दोन्ही पत्रकांत भावही वेगळा होता आणि मालही. ज्यांनी अल्बम नाकारला त्यांना 4,000 जड झाले की 40 फोटो कमी वाटले, हे बुकिंगच्या आकड्यातून निघत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात एकच पत्रक ठेवलं: 9,500 ला 120 फोटो आणि खाली वेगळ्या ओळीत "अल्बम हवा असल्यास 4,000". आता अल्बमची किंमत उघडी समोर होती आणि घ्यायचा की नाही हे घरचे ठरवत होते. सोबत एक साधी नोंद ठेवली, चौकशी कुणी केली याची. सासूबाईंनी किंवा आईनं फोन केला असेल तर अल्बमची ओळ बहुतेक वेळा घेतली गेली. जोडप्यानं स्वतः विचारलं असेल तर क्वचित. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असायचा: "फोटो कधी मिळतील?" त्याच रात्री स्टेटसला टाकायला दहा-बारा बरे फोटो मिळाले तर बाकीच्यांसाठी तीन आठवडे थांबायला त्यांची ना नव्हती. ही गोष्ट दोन्ही पत्रकांत कुठेच नव्हती. ती मोजून नाही, ऐकून कळली.

फोटोंच्या संख्येबद्दलही एक सांगतो. आमच्या ऑनलाइन गॅलरीत किती फोटो डाउनलोड केले ते दिसतं. 120 मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी चाळीस-पन्नासच डाउनलोड केले. यावरून 120 ची गरजच नाही असं मी म्हणणार नाही. बुकिंग करताना दोन स्टुडिओंची तुलना करायला घरच्यांच्या हातात दुसरं काय असतं? आकडाच असतो, आणि तो मोठा असला की निर्धास्त वाटतं. ही गरजही खरीच आहे, आणि तुमच्या अभिप्रायातही तीच दिसते. ओटी भरतानाचा एखादा फोटो चाळिसात बसला नाही, तर तो कुठे गेला असं वाटणारच.

या सगळ्यावरून आता दोन पत्रकं बंद झाली आहेत. एकच आहे, आणि ते काउंटरवर लावलं आहे: तीन तास, 100 फोटो, त्यातले 12 त्याच रात्री, भाव 10,000. अल्बम हवा त्यानं 4,000 वेगळे द्यायचे. पुढे पुन्हा काही बदलून बघायचं झालं तर आधीचं पत्रकही मागणाऱ्याला दाखवायचं आणि हवं ते घेऊ द्यायचं, असं ठरवलं आहे. अशी बुकिंग आम्ही फक्त चाचणीच्या हिशेबाबाहेर ठेवू. आकडे थोडे कमी जमतील, चालेल. गावात नणंद-भावजया एकमेकींना भाव सांगणारच, आणि त्यांनी सांगावाच.

तुमच्या शूटच्या मूळ फायली आमच्याकडे सहा महिने असतात. अल्बमचं पत्रक घेतलेल्या प्रत्येकाला उरलेल्यातले 60 फोटो रंग नीट करून, पैसे न घेता द्यायचे ठरवलं आहे. त्यात तुमचाही हक्क आहे. निवडीची लिंक बुकिंगच्या नंबरवर पाठवली आहे. घरच्यांसोबत बसून निवडा. ओटी भरतानाचे आणि जेवणाच्या पंगतीचे फोटो त्यात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. निवड आली की दहा दिवसांत फोटो देतो.